अर्धवट फोटोतली वृक्षाकृती: फांद्या आणि संभाव्यता कशा वाचाव्यात आणि समजावून सांगाव्यात

पिशवीतून रंगीत चेंडू काढण्याचं गणित अडलं की बहुतेक वेळा वहीच्या पानाचा फोटो पुढे येतो आणि सोबत प्रश्न असतो, "हे आकडे आले कुठून?" पुस्तकातल्या स्वच्छ आकृतीत आणि अशा फोटोत बराच फरक असतो. फोटोत कडा कापलेल्या असतात, एखाद्या अपूर्णांकावर दिव्याचा पांढरा डाग पडलेला असतो, कुठे बोटाची सावली असते. तरीही वृक्षाकृतीचे आकडे एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की थोडे हाती लागले तरी उरलेले शोधून काढता येतात. खाली अशीच एक अर्धवट आकृती घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडली आहे.

फोटो असा आहे, असं धरू. आकृती जवळून नीट यावी म्हणून पान जवळून टिपलं, त्यामुळे वर लिहिलेलं उदाहरण कापलं गेलं. पिशवीत किती चेंडू होते ते दिसत नाही. डावीकडे एक टिंब आहे आणि त्यातून पहिल्या चेंडूसाठी दोन फांद्या निघतात. वरच्या फांदीच्या टोकाला "लाल" लिहिलंय आणि फांदीवर ३/५. खालच्या फांदीच्या टोकाला "हिरवा" आहे, पण तिच्यावरच्या अपूर्णांकावर दिव्याचा डाग. "लाल"पासून दुसऱ्या चेंडूसाठी पुन्हा दोन फांद्या निघतात, लालकडे जाणारीवर ५/९ आणि हिरव्याकडे जाणारीवर ४/९. "हिरवा"पासूनही दोन फांद्या आहेत. लालकडे जाणारीवर २/३ आहे, हिरव्याकडे जाणारीवर सावली. उजवीकडे गुणाकारांचा रकाना असावा, पण फोटोची कड तिथेच संपते.

आधी आकृती कागदावर उतरवून घ्या

फोटोवरच हिशोब सुरू करू नका. कोऱ्या कागदावर आकृती पुन्हा काढा आणि जिथे आकडा वाचता येत नाही तिथे मोकळी चौकट ठेवा. अंदाजाने आकडा भरू नका, कारण एकदा भरलेला अंदाज पुढे "दिलेला आकडा" म्हणूनच वापरला जातो.

उतरवताना पहिल्यांदा मूळ शोधायचं. ज्या टिंबातून रेषा फक्त बाहेर पडतात आणि ज्यात एकही रेषा येत नाही ते मूळ. फोटो आडवा किंवा उलटा असला तरी ही खूण बदलत नाही. काहीजण झाड डावीकडून उजवीकडे काढतात, काहीजण वरून खाली. दोन्ही बरोबर आहेत, म्हणून दिशेवर विसंबू नका. समजावून सांगतानाही "वरची फांदी", "खालची फांदी" असे शब्द टाळलेले बरे. समोरच्याच्या पडद्यावर फोटो फिरलेला असेल तर त्याची वरची आणि तुमची वरची वेगळी होते. "लालकडे जाणारी फांदी" म्हटलं की गोंधळ होत नाही.

दुसरी अडचण म्हणजे कोणता अपूर्णांक कोणत्या फांदीचा. दोन फांद्या जिथून फुटतात तिथे जागा अरुंद असते. फोटो तिरका काढला असेल तर एका फांदीचा आकडा दुसरीला चिकटल्यासारखा दिसतो. साधारणपणे आकडा फांदीच्या मध्यावर असतो, वरच्या फांदीचा तिच्या वरच्या बाजूला आणि खालच्या फांदीचा तिच्या खालच्या बाजूला. फोटो मोठा करून अपूर्णांकाची आडवी रेघ आणि फांदीची तिरकी रेषा वेगळ्या ओळखाव्या लागतात. कधीकधी फांदीची रेषाच अपूर्णांकाची रेघ वाटते आणि तिच्या वरचा व खालचा, असे दोन वेगळे आकडे मिळून एक भलताच अपूर्णांक वाचला जातो.

देवनागरी अंकांत १ आणि ९ ही जोडी सर्वांत दगाबाज. अंधुक फोटोत ५/९ हे ५/१ वाटू शकतं. आंतरराष्ट्रीय अंकांत हेच एक आणि सात यांचं होतं. पण इथे गणितच मदतीला येतं. संभाव्यता कधीही १ पेक्षा मोठी नसते, त्यामुळे ५/१ असं काही फांदीवर असूच शकत नाही. अंश छेदापेक्षा मोठा दिसला की वाचण्यात चूक झालीय, असं समजून पुन्हा फोटो बघायचा. रंगांच्या बाबतीत शाईच्या रंगापेक्षा लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवा. पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी एकसारखे दिसतात, आणि झेरॉक्सचा फोटो असेल तर रंग उरतच नाही.

झाकलेले अपूर्णांक भरून काढणे

एकाच टिंबातून निघणाऱ्या सगळ्या फांद्यांची बेरीज १ असते. त्या क्षणी पिशवीतून जे काही निघू शकतं ते सगळं त्या फांद्यांवर असतं, त्याबाहेर काही उरत नाही. म्हणून मुळापाशी लालची फांदी ३/५ असेल तर हिरव्याची २/५. "हिरवा"नंतर लालची फांदी २/३ असेल तर हिरव्याची १/३. दोन्ही चौकटी भरल्या.

ही बेरीज एका टिंबापुरतीच असते, हे नवख्यांना स्पष्ट सांगावं लागतं. दुसऱ्या पायरीवर उभ्या ओळीत ५/९, ४/९, २/३ आणि १/३ असे चार अपूर्णांक दिसतात आणि काहीजण चारही मिळवतात. उत्तर २ येतं, मग आकृतीच चुकली असं वाटतं. ती चुकलेली नाही. त्या चारांत दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, पहिला लाल निघाल्यानंतरची आणि पहिला हिरवा निघाल्यानंतरची. प्रत्येकीची बेरीज स्वतंत्रपणे १ आहे.

पिशवीत चेंडू किती होते?

हा प्रश्न फोटोत कापला गेला, आणि तो आकृतीवरूनच सोडवता येतो. घाईत बघणारा म्हणेल, ३/५ म्हणजे पाच चेंडू आणि त्यातले तीन लाल. पण मग एक लाल काढल्यावर चार चेंडू उरतील, त्यात दोन लाल, आणि पुढच्या फांदीवर २/४ म्हणजे १/२ हवं होतं. फोटोत तिथे ५/९ आहे. म्हणजे ३/५ हा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिलेला आहे, मूळचा छेद मोठा होता.

छेद ५ च्या पटीत हवा. दहा चेंडू धरून बघा. ३/५ म्हणजे सहा लाल, उरलेले चार हिरवे. एक लाल काढला की नऊ चेंडू राहतात, त्यात पाच लाल. ५/९, बरोबर जुळलं. पंधरा धरले असते तर नऊ लाल असते, एक काढल्यावर ८/१४ म्हणजे ४/७ आलं असतं, ते फोटोशी जुळत नाही. वीस धरले तर ११/१९. चेंडू वाढत जातात तसा हा अपूर्णांक ३/५ च्या जवळजवळ सरकत जातो, त्यामुळे ५/९ फक्त एकाच ठिकाणी सापडतं आणि ते दहावर.

आता हिरव्याच्या बाजूने ताळा करायचा. पहिला हिरवा निघाला तर नऊ उरतात आणि सहाही लाल जागेवर आहेत, म्हणजे ६/९. संक्षिप्त रूप २/३, फोटोत तेच आहे. हिरवे तीन उरले, ३/९ म्हणजे १/३, जे आपण चौकटीत भरलं होतं.

कागदावर आता आकृती अशी दिसते. अपूर्णांक मुद्दाम संक्षिप्त न करता ठेवले आहेत:

```
मूळ ─┬─ ६/१० लाल ───┬─ ५/९ लाल
     │              └─ ४/९ हिरवा
     └─ ४/१० हिरवा ─┬─ ६/९ लाल
                    └─ ३/९ हिरवा
```

संक्षिप्त रूप देणं गणितात चांगली सवय मानली जाते, पण वृक्षाकृतीच्या फांद्यांवर ती आड येते. ६/१० लिहिलं की दहातले सहा लाल, हे डोळ्यांसमोर राहतं. ३/५ लिहिलं की चेंडू नाहीसे होतात आणि फक्त प्रमाण उरतं. संक्षिप्त रूप शेवटच्या उत्तराला द्यावं, फांद्यांना नको. "२/३ कुठून आलं?" हा प्रश्न जो विचारतो त्याला बहुतेक वेळा इतकंच सांगावं लागतं की तिथे मुळात ६/९ होतं.

चेंडू परत ठेवला होता की नाही?

याचं उत्तर आपल्याला एव्हाना मिळालं आहे, पण ते वेगळं सांगायला हवं. काढलेला चेंडू पाहून पुन्हा पिशवीत टाकला तर दुसऱ्या वेळी पिशवी पहिल्यासारखीच असते. अशा झाडात दुसऱ्या पायरीवरच्या दोन्ही जोड्या मुळाशी असलेल्या जोडीची हुबेहूब नक्कल असतात, सगळीकडे ६/१० आणि ४/१०. आपल्या फोटोत "लाल"नंतरची जोडी आणि "हिरवा"नंतरची जोडी वेगळी आहे. याचा अर्थ पहिल्या चेंडूने पिशवी बदलली, तो परत ठेवला नाही.

छेद एकाने कमी झाला का, एवढंच बघणं पुरेसं नाही, कारण संक्षिप्त रूपात छेद फसवतो. तीन लाल आणि तीन निळे असलेल्या पिशवीत मुळाशी १/२ आणि लालनंतर २/५ व ३/५ येतं. तिथे छेद २ वरून ५ वर चढलेला दिसतो. म्हणून छेद चढला की उतरला हे न बघता, दोन जोड्या एकमेकींसारख्या आहेत का, हे बघा.

इथे एक मर्यादाही आहे. झाड परत ठेवण्याचं असेल तर पिशवीत किती चेंडू होते ते आकृतीवरून कळत नाही. ३/५ आणि २/५ सगळीकडे सारखंच राहतं, मग पाच चेंडू असोत, दहा असोत की पन्नास. तेव्हा संख्या हवी असेल तर उदाहरणाचं वाक्यच बघावं लागतं, आणि ते फोटोत नसेल तर दुसरा फोटो मागवावा लागतो. उदाहरणात "एकदम दोन चेंडू काढले" असं असेल तर ते परत न ठेवण्यातच मोडतं. दोन्ही चेंडू एकाच वेळी हातात असतात, त्यामुळे एक परत जाऊन पुन्हा निघण्याची शक्यताच नसते.

प्रत्येक फांदी एक वाक्य म्हणून वाचा

समजावून सांगताना अपूर्णांक नुसता वाचला की ऐकणाऱ्याला तो हवेत लटकलेला वाटतो. "चार नवमांश" म्हणू नका. म्हणा, "पहिला लाल निघाला असेल तर पिशवीत नऊ उरले, त्यात चार हिरवे, म्हणून दुसरा हिरवा निघण्याची संभाव्यता ४/९." वाक्यातला "असेल तर" महत्त्वाचा आहे. पहिल्या पायरीच्या फांद्यांना हा "तर" लागत नाही, दुसऱ्या पायरीच्या प्रत्येक फांदीला लागतो. दुसऱ्या पायरीवरचा आकडा हा नेहमी एखाद्या अटीच्या आतला आकडा असतो. पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव नंतर सांगितलं तरी चालतं, वाक्य मात्र पहिल्यापासून पूर्ण बोलावं.

बोलताना बोट फांदीवर नको, टिंबावर ठेवा आणि विचारा, "आत्ता पिशवीत काय आहे?" मुळाशी उत्तर येतं सहा लाल, चार हिरवे. "लाल"पाशी पाच लाल, चार हिरवे. "हिरवा"पाशी सहा लाल, तीन हिरवे. ही तीन उत्तरं टिंबाशेजारी लिहून ठेवली की फांद्यांवरचे सहाही अपूर्णांक आपोआप वाचता येतात. अडलेल्या माणसासाठी एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

फांदीवरून जाताना गुणाकार का?

फोटोच्या कापलेल्या कडेवर चार गुणाकार असणार होते. ते करणं अवघड नाही, पण गुणाकारच का, बेरीज का नाही, हे सांगताना अनेकजण "नियमच आहे" म्हणून थांबतात. त्यापेक्षा चेंडू मोजून दाखवणं चांगलं.

दहाही चेंडूंवर क्रमांक लिहिलेत अशी कल्पना करा. पहिला चेंडू दहांपैकी कोणताही निघू शकतो आणि त्या प्रत्येकानंतर दुसरा उरलेल्या नवांपैकी कोणताही. म्हणजे क्रम धरून एकूण ९० वेगवेगळे प्रकार, आणि ते सगळे सारख्याच शक्यतेचे. यातले लाल-लाल किती? पहिल्यासाठी सहा पर्याय, प्रत्येकासाठी दुसऱ्याचे पाच, एकूण ३०. म्हणून ३०/९०. आणि ६/१० × ५/९ केलं तरी अंशात सहा पाचे तीस आणि छेदात दहा नवे नव्वद, तेच आलं. गुणाकार म्हणजे ही मोजणीच, फक्त थोडक्यात लिहिलेली.

त्याच रीतीने लाल-हिरवा ६ × ४ म्हणजे २४, हिरवा-लाल ४ × ६ म्हणजे २४ आणि हिरवा-हिरवा ४ × ३ म्हणजे १२. चारही मिळून ३० + २४ + २४ + १२ = ९०. उजवीकडचा रकाना ३०/९०, २४/९०, २४/९०, १२/९० असा भरायचा. इथेही सध्या छेद ९० च ठेवा. १/३, ४/१५, ४/१५ आणि २/१५ असं लिहिलं तर पुढची बेरीज करताना छेद पुन्हा सारखे करावे लागतात.

बेरीज कधी करायची, हे आता सोपं होतं. एकाच वाटेवर मुळापासून टोकापर्यंत जाताना गुणाकार, आणि प्रश्नाला एकापेक्षा जास्त टोकं लागू पडत असतील तर त्या टोकांची बेरीज. "एक लाल आणि एक हिरवा" विचारलं तर मधली दोन्ही टोकं चालतात, २४ + २४ = ४८, म्हणजे ४८/९० किंवा ८/१५. इथे अनेकजण एकच टोक धरून ४/१५ वर थांबतात, कारण "लाल आणि हिरवा" हे शब्द वाचून आधी लाल, मग हिरवा असा क्रम मनात बसतो. उदाहरणात "आधी" किंवा "पहिला" असा शब्द नसेल तर दोन्ही क्रम मोजायचे. "किमान एक हिरवा" विचारलं तर तीन टोकं मिळवण्यापेक्षा नको असलेलं एक टोक वजा करणं सोपं, ९० − ३० = ६०, म्हणजे २/३.

कोणती तपासणी कोणती चूक पकडते

फोटोतली आकृती वहीतली असेल तर तीच चुकलेली असू शकते, आणि इथे जरा थांबायला हवं. प्रत्येक जोडीची बेरीज १ आली आणि सगळ्या टोकांची बेरीजही १ आली की आकृती बरोबर, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही.

पहिली चूक घ्या. छेद एकाने कमी केला, पण अंश तसेच ठेवले. "लाल"नंतर ६/९ आणि ४/९. बेरीज १०/९, एकापेक्षा जास्त, लगेच सापडते. उलट प्रकार म्हणजे दोन्ही रंग कमी केले, ५/९ आणि ३/९, बेरीज ८/९. एकच चेंडू काढला होता, पण वहीत दोन कमी झाले. हीही सापडते. जोडीच्या बेरजेचा उपयोग अशा चुकांसाठी आहे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. "लाल"नंतरची जोडी ५/९ आणि ४/९ बरोबर काढली आणि तीच जशीच्या तशी "हिरवा"नंतर उतरवली. दोन्ही जोड्यांची बेरीज १ आहे. टोकांचे गुणाकार ३०/९०, २४/९०, २०/९० आणि १६/९० येतात आणि यांची बेरीजही ९०/९०. दोन्ही तपासण्या पास, पण आकृती चूक! प्रत्येक टिंबातल्या फांद्यांची बेरीज १ असली की टोकांची बेरीज १ येणारच, मग त्या फांद्यांवर काहीही लिहिलेलं असो. म्हणून टोकांची बेरीज फांद्यांच्या चुका पकडत नाही, ती फक्त गुणाकारातल्या चुका पकडते.

ही चूक पकडायला तिसरी तपासणी लागते. लाल-हिरवा आणि हिरवा-लाल ही दोन टोकं सारखी आली पाहिजेत. सहा लाल आणि चार हिरव्यांच्या जोड्या कोणत्याही क्रमाने मोजा, सहा चोक चोवीसच. वरच्या चुकलेल्या आकृतीत एकीकडे २४ आणि दुसरीकडे २० आहेत, तिथेच बिंग फुटतं. हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येते. पहिला चेंडू न बघता बाजूला ठेवला तर दुसरा लाल असण्याची संभाव्यता पहिल्याइतकीच, ६/१०. बरोबर आकृतीत ३०/९० + २४/९० = ५४/९०, म्हणजे ६/१०. चुकलेल्या आकृतीत ५०/९०. पहिला चेंडू बाहेर गेला तरी तो कोणता हे आपल्याला माहीतच नाही, मग दुसऱ्याबद्दलचा अंदाज बदलायला काही कारण उरत नाही. ऐकणाऱ्याला हे पटायला थोडा वेळ लागतो, तो द्यावा.

आणि एक चूक अशी आहे जी कुठलीच तपासणी पकडत नाही. उदाहरण परत न ठेवण्याचं आहे, पण दुसऱ्या पायरीवर पुन्हा ६/१० आणि ४/१० लिहिलं. जोड्यांची बेरीज १, टोकांची बेरीज १, मधली दोन टोकं सारखी, २४/१०० आणि २४/१००. आकृती आतून पूर्ण सुसंगत आहे, फक्त ती दुसऱ्याच प्रयोगाची आहे. इथे उदाहरणाच्या वाक्याशिवाय इलाज नाही. फोटोत वाक्य नसेल आणि सगळ्या जोड्या सारख्या दिसत असतील तर "आकृती बरोबर आहे" असं सांगू नका. "चेंडू परत ठेवला असेल तर बरोबर आहे" असं सांगा.

मागे वळून विचारलेला प्रश्न

काही उदाहरणांच्या शेवटी असा प्रश्न असतो: दुसरा चेंडू हिरवा निघाला, तर पहिला लाल असण्याची संभाव्यता किती? ऐकणारा चटकन ४/९ कडे बोट दाखवतो, कारण त्या फांदीवर लाल आणि हिरवा दोन्ही आहेत. पण ४/९ हा आकडा "पहिला लाल असेल तर दुसरा हिरवा" याचा आहे. विचारलंय उलट. फांद्या मुळापासून पुढे वाचायच्या असतात, उलट्या दिशेने वाचायला त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं. त्यासाठी टोकांकडे जावं लागतं. दुसरा हिरवा असलेली टोकं दोन, २४ आणि १२, एकूण ३६. त्यांत पहिला लाल असलेलं २४. उत्तर २४/३६, म्हणजे २/३.

हे २/३ आकृतीत दुसरीकडेही आहे, पहिला हिरवा निघाल्यावर दुसरा लाल असण्याच्या फांदीवर. योगायोग नाही. दहातला एक चेंडू हिरवा आहे हे कळलं की दुसरा चेंडू उरलेल्या नवांतला, आणि त्यांत सहा लाल. कोणता आधी निघाला याने फरक पडत नाही.

तीन रंग असले की

रीत तीच राहते, टिंबामागे तीन फांद्या येतात. फोटो वाचताना फसगत होते ती एखादा रंग संपल्यावर. पिशवीत तीन लाल, दोन निळे आणि एकच पांढरा आहे आणि चेंडू परत ठेवायचा नाही, असं समजा. पांढरा आधी निघाला तर पिशवीत पांढरा उरतच नाही. तिथून फक्त दोन फांद्या निघतात, लाल ३/५ आणि निळा २/५. टोकं नऊ येण्याऐवजी आठ येतात. कोणी तिथे ०/५ ची तिसरी फांदी काढतात, तेही चुकीचं नाही. आठ टोकं दिसली की नववं फोटोच्या कडेला कापलं गेलं असावं असा संशय येतो. तो मिटवायला फोटो पुन्हा मागवायची गरज नाही. त्या टिंबावर दिसणाऱ्या दोन फांद्यांची बेरीज ३/५ + २/५ म्हणजे १ भरते, तेव्हा तिथून तिसरी फांदी निघालेलीच नव्हती. बेरीज १ पेक्षा कमी पडली असती तर मात्र कडेपाशी काहीतरी कापलं गेलं आहे किंवा आकडा वाचण्यात चूक झाली आहे, आणि जेवढी बेरीज कमी पडली तेवढीच कापलेल्या फांदीवरची संभाव्यता धरायची.